मदत हवी आहे: आजोबांना टॅबवर पेमेंटचा स्क्रीनशॉट घ्यायला कसं शिकवू?

आजोबा अँड्रॉइड टॅबवर ब्राउझरमधून बिल भरतात. पैसे गेल्याचा संदेश आला की तो जपून ठेवायचा, एवढंच शिकवायचंय.

पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबणं त्यांना जमत नाही. पॉवर आधी दाबलं जातं आणि स्क्रीनच बंद होते. म्हणून सेटिंगमधून ॲक्सेसिबिलिटी मेनू चालू केला, त्यातली मोठी बटणंही निवडली. आता तरंगतं बटण, मग ‘स्क्रीनशॉट’, हे दोन टप्पे वहीत चित्र काढून दिलेत. ते छान जमतात.

घोळ पुढे होतो. कोपऱ्यात छोटं चित्र येतं, आजोबा त्यालाच बोट लावतात (समोर आलेलं दाबायचं, हे मीच शिकवलेलं!) आणि थेट एडिटिंगमध्ये पोचतात. तिथून घाबरून मागे येतात, किंवा चित्र डिलीट होतं. हात न लावता सोडलं तर ते आपोआप जातं आणि फोटो गॅलरीत असतो, पण ‘काहीच झालं नाही’ असं वाटून ते पुन्हा पुन्हा घेत बसतात.

बँकेच्या ॲपमध्ये स्क्रीनशॉट बंद असतो हे माहीत आहे, आमचा प्रश्न ब्राउझरपुरताच आहे. मी लांब राहते, फोनवरूनच शिकवते.

ते छोटं चित्र येणंच बंद करता येतं का? नसेल, तर फोटो सेव्ह झाला हे त्यांना पटावं म्हणून वहीत तिसरा टप्पा काय लिहू?