हिरड्या बऱ्या झाल्या म्हणजे दात सुरक्षित असं नाही

> तीन महिने तिळाच्या तेलाच्या गुळण्या करतोय, हिरड्यांतून रक्त यायचं थांबलं. मग फ्लोराइडवाली पेस्ट कशाला, हर्बल पुरे ना?

रक्त थांबलं हे खरंच असणार, छोट्या ट्रायल्समध्येही तेलाने प्लाक, म्हणजे दातांवरचा चिकट थर, थोडा कमी झालेला दिसलाय. पण हिरडी सुजणं आणि दात किडणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कीड लागते ती गोड-पिठूळ खाल्ल्यावर बॅक्टेरिया जे आम्ल करतात त्याने, दातातलं कॅल्शियम विरघळतं, आणि ते परत बसवायला फ्लोराइड मदत करतं, तेलात किंवा कडुनिंबात ते काम करणारं काही नाही. कडुनिंबाची काडी नीट चावून कुंचला केला तर बाहेरची बाजू छान घासली जाते, पण दोन दातांच्या फटीत ती पोचत नाही आणि कीड बऱ्याचदा तिथेच सुरू होते.

माझ्या मावशीचं अगदी हेच झालं, रोज तेल, वर फ्लोराइड नसलेली हर्बल पेस्ट, हिरड्या घट्ट, रक्ताचा थेंब नाही, म्हणून चार वर्षं दाखवलंच नाही. मग गार पाण्याने ठणका लागला तेव्हा एक्सरेमध्ये दाढांच्या मधे दोन ठिकाणी कीड निघाली, आरशात काहीच दिसत नव्हतं. तेल आवडत असेल तर चालू ठेवा, फक्त पेस्टच्या खोक्यावर सोडियम फ्लोराइड किंवा सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट आणि साधारण १००० पीपीएम लिहिलंय का बघा, काही हर्बल पेस्टमध्येही असतं. आणि घासल्यावर नुसतं थुंका, खळखळून चूळ भरली की फ्लोराइड सगळं धुऊन जातं.