रत्नागिरीतलं जंगल नक्की कुठे गेलं?

करवंद: "भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालात उपग्रह म्हणतो, रत्नागिरी जिल्ह्याच्या साधारण निम्म्या जमिनीवर जंगल आहे. महसूल दप्तरात वन म्हणून लागलेली जमीन मात्र अगदी थोडी. म्हणजे उरलेलं जंगल दप्तरातून लपवलंय, दुसरा अर्थच नाही."

सडा_कातळ: लपवलेलं नाही, त्यात बागा मोजल्यात. वनाच्छादनाला किमान एक हेक्टर जागा आणि झाडांचं १० टक्के छत्र पुरतं. मालक कोण, झाड कसलं, हे तिथे विचारातच घेत नाहीत. १० बाय १० मीटरवर लावलेली हापूसची बाग घ्या. हेक्टरी १०० कलमं, एकेकाचा व्यास ८ मीटर, म्हणजे प्रत्येकी ५० चौरस मीटर छत्र. झालं अर्धं हेक्टर. ही बाग नकाशावर 'मध्यम घनदाट वन' होऊन बसते.

कलमबाग: मग उद्या आमची बाग वनखात्याची? आमच्या गटाच्या इतर हक्कात आधीच 'खाजगी वन' लागलंय. वन कायद्याच्या कलम ३५(३) ची नोटीस घरात कुणी पाहिलेली नाही. आता वर उपग्रहाचं चित्र पुरावा म्हणून लावतील.

सडा_कातळ: त्या नकाशानं कुणाचा सातबारा बदलत नाही. तुमचं भांडण फेरफाराशी आहे. ती नोंद ज्या फेरफारानं लागली त्याची नक्कल काढा आणि नोटीस बजावल्याचा कागद माहिती अधिकारात मागा. गोदरेज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली सांगितलंय की नोटीस नुसती काढून भागत नाही, ती बजावलेली असावी लागते.

वैनगंगा: कोकणापलीकडेही बघा. आमच्याकडे विदर्भात झुडपी जंगल दप्तरात आहे, पण कितीतरी ठिकाणी छत्र १० टक्क्यांच्या खाली, म्हणून वनाच्छादनात शून्य. मे २०२५ मध्ये न्यायालयानं ते वनच ठरवलं. तेव्हा दप्तरच खरं.

देवराई_राखा: दप्तर खरं म्हणून विषय संपवू नका! ऐन-किंजळीचं रान तोडून काजू लावला की काही वर्षांत छत्र परत भरतं आणि आकडा होता तिथेच येतो. तोड झाली हे अहवालात दिसतच नाही. उलट अर्ध्या एकराची देवराई गळते, कारण २३.५ मीटरच्या पिक्सेलचे जेमतेम चार ठिपके होतात आणि हेक्टरभर जागेला अठरा लागतात.

करवंद: बरं, 'लपवलंय' मागे घेतो. पण बाग आणि रान वेगळं काढायचं कसं, तेही सांगा.

देवराई_राखा: वन सर्वेक्षणाची चित्रं ऑक्टोबर ते डिसेंबरमधली असतात, तेव्हा दोन्ही हिरवंच. मार्च-एप्रिलचं चित्र शेजारी ठेवा. ऐन, किंजळ पानं गाळतात, आंबा-काजू हिरवा राहतो.

सडा_कातळ: सदाहरित देवराईही तेव्हा हिरवीच असते. मग तिलाही बाग म्हणणार?

देवराई_राखा: तिथे ओळी बघाव्या लागतात. बाग ओळीत असते. जुन्या, दाट झालेल्या बागेत ओळीही दिसत नाहीत, तिथे जागेवर गेल्याशिवाय कळत नाही.

करवंद: आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशात मालकी न पाहता वन ओळखायला सांगितलं होतं. खाजगी रानाची ती गावनिहाय यादी गट नंबरासकट कुणी पाहिलीय का?

कलमबाग: यादी काढाल तर आधी आमचा फेरफार सोडवा.