पीनट बटरचा चमचा सपाट धरायचा की शिगेचा? कॅलरी मोजताना घोळ होतोय, मदत हवी आहे

रानजाई: दोन महिने रोजचं खाणं ॲपमध्ये नोंदवते आहे. नोंदीप्रमाणे वजन हळूहळू उतरायला हवं होतं, पण काटा जागचा हलत नाही. सकाळी पोळीवर दोन चमचे पीनट बटर आणि दिवसात तीन कप चहा, प्रत्येकी एक चमचा साखर. ॲपमध्ये मी 'टेबलस्पून' आणि 'टीस्पून' निवडते. काल सासूबाई म्हणाल्या, "अगं, तू चमचा शिगोशीग भरतेस, मापाचा चमचा सपाट असतो." तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. या शिगेने खरंच किती फरक पडतो?

दवबिंदू: पीनट बटर बंदच करा. साखर घातलेलं असतं त्यात. माझ्या आईला मधुमेह आहे, आम्ही चहात गूळ वापरतो. गुळाच्या चमच्याला कॅलरी कमी असतात ना?

वजनकाटा: दवबिंदू, गुळाच्या आणि साखरेच्या कॅलरी वजनाला वजन जवळपास सारख्याच असतात. मधुमेहात गूळही साखरेसारखाच मोजायचा, तेव्हा आईंच्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

रानजाई, सासूबाईंचं बरोबर आहे. मापाचा टेबलस्पून 15 मिलीचा, काठाशी सपाट. त्यात पीनट बटर साधारण 16 ग्रॅम बसतं, म्हणजे 95 कॅलरीच्या आसपास. घरातला पोह्याचा चमचा मात्र 15 मिलीचा असेलच असं नाही. तो काट्यावर ठेवून शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिली.

पीनट बटर चमच्यात भरून मोजू नका, चिकटलेलं किती आणि पोटात गेलेलं किती ते कळत नाही. उघडी बरणीच काट्यावर ठेवा, शून्य करा, नेहमीसारखा चमचा भरून काढा. काटा उणे जो आकडा दाखवेल, तेवढं बाहेर आलं. असं पाच दिवस करा, मुद्दाम कमी घेऊ नका.

साखरेला वेगळी युक्ती लागते. एक ग्रॅमपर्यंतच दाखवणाऱ्या काट्यावर चार ग्रॅम साखर मोजण्यात अर्थ नाही, अर्ध्या ग्रॅमची चूकसुद्धा मोठी ठरते. एका वाटीत दहा चमचे घाला आणि दहाने भागा. आधी दहा सपाट, मग दहा शिगेचे.

पाऊलवाट: एवढा खटाटोप कशाला? रोज तसाच चमचा भरत असाल तर चूकही रोज तेवढीच. वजन उतरत नाही ना, मग एकूण खाणंच थोडं कमी करा.

वजनकाटा: चूक रोज तेवढीच असती तर मलाही पटलं असतं. पण भूक लागलेली असताना हात मोकळा सुटतो. आकडे येऊ द्या.

रानजाई: पाच दिवस मोजलं. पोह्याच्या चमच्यात पाणी 15 ग्रॅम मावलं, म्हणजे चमचा निर्दोष. पीनट बटरचे चमचे 26, 31, 28, 35 आणि 30 ग्रॅमचे निघाले. सुरीने सपाट केल्यावर 16! साखर दहा सपाट चमच्यांत 42 ग्रॅम, दहा शिगेच्या चमच्यांत 71.

वजनकाटा: तुमच्या चमच्याची सरासरी 30 ग्रॅम. सपाटपेक्षा 14 ग्रॅम जास्त. पीनट बटर ग्रॅमला सहा कॅलरी धरलं तर चमच्यामागे 84, दोन चमच्यांच्या 168. साखरेत कपामागे तीन ग्रॅम वाढतात, ग्रॅमला चार कॅलरीप्रमाणे 12, तीन कपांच्या 36. दिवसाला साधारण 200 कॅलरी नोंदीतून सुटत होत्या आणि त्यातला मोठा वाटा पीनट बटरचा.

कारण सोपं आहे. साखर रचली की दाणे घसरतात, त्यामुळे शीग फार उंच जात नाही. पीनट बटर चिकट, ते चमच्याच्या वरही राहतं आणि खालच्या बाजूलाही लपेटून येतं. वर ते निम्मं तेल.

पाऊलवाट: मग हिशेब सोपा झाला. 7700 कॅलरी म्हणजे एक किलो. रोज 200 कमी केल्या तर 38 दिवसांत एक किलो उतरणार.

वजनकाटा: अंदाज म्हणून ठीक, तारीख म्हणून नाही. शरीरातलं पाणीच आठवड्यात किलोभर वरखाली होतं, आणि वजन उतरलं की खर्चही थोडा घटतो. रानजाई, ॲपमध्ये यापुढे चमचा निवडूच नका, ग्रॅम टाका आणि बरणीवरचा 100 ग्रॅमचा आकडा वापरा. साखर सपाट चमच्याने घेतलीत तरी चालेल, तिथे काटा नको.

रानजाई: उद्यापासून बरणी काट्यावर. पण ऑफिसात दुपारचा चहा साखर घालूनच येतो, तो चौथा कप मी धरतच नव्हते. त्यात किती साखर असते हे कोणी मोजून पाहिलंय का?

दवबिंदू: आमच्याकडेही तसाच येतो. मला तरी घरच्यापेक्षा दुप्पट गोड लागतो, पण मोजलेला नाही.