लहानपणीचा चेहरा आणि आत्ताचा चेहरा: काय टिकलं, काय बदललं? (अनुभव)

शेवंती

बाबांच्या जुन्या पेटीत एक कृष्णधवल फोटो सापडलाय. मध्ये आत्या, दहाएक वर्षांची, आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन मुलगे. एक माझे बाबा, दुसरे धाकटे काका. दोघांत जेमतेम दीड वर्षाचं अंतर, केस सारखेच भादरलेले, शर्टही एकाच कापडाचे. बाबा आणि काका दोघंही आता नाहीत. आत्या ठामपणे म्हणते, "तुझा बाबा माझ्या उजव्या हाताला उभा होता." आई तो फोटो बघून तितक्याच ठामपणे म्हणते, "हा चेहरा ह्यांचा नाहीच."

दोघांचे पन्नाशीतले फोटो शेजारी ठेवून तासभर बघत बसले. जितकं बघावं तितका गोंधळ वाढतो. कधी हा बाबांसारखा वाटतो, कधी तो. म्हणून हा धागा. तुमचा पाच-सहा वर्षांचा फोटो आणि आत्ताचा फोटो शेजारी ठेवा आणि सांगा, काय तसंच राहिलं आणि काय पार बदललं?

खारूताई

सोप्पं आहे. डोळे जन्मतात तेवढेच राहतात, नाक आणि कान मरेपर्यंत वाढतात. म्हणून लहान मुलांचे डोळे एवढे टपोरे दिसतात. तू फक्त डोळे बघ.

मोजपट्टी

खारूताई, अर्धं बरोबर. बुबुळ साधारण दुसऱ्या वर्षापर्यंत पूर्ण मापाचं होतं, पण डोळ्याचा गोळा वाढतो. जन्मताना तो सोळा-सतरा मिलिमीटर असतो, मोठेपणी चोवीसच्या आसपास. मुलाचे डोळे टपोरे दिसतात ते खालचा चेहरा अजून आलेलाच नसतो म्हणून.

वाकडे दात सरळ करणं हा माझा व्यवसाय, त्यामुळे सहा ते अठरा वयातले चेहरे रोज डोळ्यांसमोर वाढतात. तरी स्वतःचं कधी मोजलं नव्हतं. हा धागा वाचून काल रात्री मोजलं.

काळ्या-तपकिरी बुबुळाची आडवी रुंदी बहुतेक माणसांत पावणेबारा मिलिमीटरच्या आसपास असते. माणसामाणसांत थोडा फरक पडतो, पण एकाच माणसात दोन-तीन वर्षांनंतर ती जवळपास तीच राहते. म्हणजे प्रत्येक फोटोत पट्टी आधीच ठेवलेली असते! उभी उंची मोजू नका, वरची पापणी बुबुळाचा भाग झाकते.

माझ्या पाच वर्षांच्या फोटोत बुबुळ २६ पिक्सेल भरलं. दोन बाहुल्यांमधलं अंतर १२०, बाहुल्यांच्या रेषेपासून हनुवटीच्या टोकापर्यंत १८५. आत्ताच्या फोटोत बुबुळ ४०, बाहुल्यांमधलं अंतर २१६, हनुवटीपर्यंत ३९०. बुबुळ ११.७ मिलिमीटर धरून हिशोब केला तर बाहुल्यांमधलं अंतर ५४ वरून ६३ वर गेलं, सहावा हिस्सा वाढ. डोळे ते हनुवटी हे अंतर मात्र ८३ वरून ११४ वर, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त. माझे डोळे बारीक झाले असं आमच्या घरी सगळे म्हणतात. ते झाले नाहीत, खाली जबडा लांबला.

मुलग्यांत खालचा जबडा अठरा-वीसपर्यंत वाढत राहतो. नाकाचा बांधाही वयात येतानाच वर येतो. त्यामुळे शेवंतीच्या कामासाठी नाक, हनुवटी आणि गाल सरळ बाद करा.

शेवंती

लगेच करून पाहिलं. माझ्या फोटोत बुबुळ कसंबसं सहा पिक्सेल भरतंय!

मोजपट्टी

मग सोडून द्या. माझ्या फोटोत एक पिक्सेल चुकला तर चार टक्के फरक, म्हणजे बाहुल्यांच्या अंतरात दोन मिलिमीटर. तुमच्या फोटोत एका पिक्सेलने सगळंच कोसळेल. शिवाय हे फक्त समोरून, मान सरळ ठेवून काढलेल्या फोटोंना लागू. हनुवटी जरा खाली घेतली की नाक लांब दिसतं आणि जबडा आखूड.

निवांत

छान धागा. मलाही दोन वर्षांपासून हनुवटीखाली लोंबतंय. कुठला व्यायाम उपयोगी पडतो? फोटो काढताना जीभ टाळूला लावायची म्हणतात, ते खरं का?

खारूताई

निवांत, इथे आपण साठ वर्षांपूर्वीचा मुलगा शोधतोय हो.

पाटीपेन्सिल

मी हौसेने व्यक्तिचित्रं काढते. लोक लहानपणीचा फोटो आणून "ह्यावरून मोठेपणीचं काढा" असं अधूनमधून सांगतात, म्हणून थोडं लिहिते. मला सगळ्यात खात्रीची वाटते ती कानाची आतली घडण. बाहेरची कड कुठे दुमडते, आतला उंचवटा वर जाऊन कसा फुटतो, भोकासमोरचा छोटा उंचवटा टोकदार की बोथट. लांबी वाढते, म्हातारपणी पाळी ओघळते, पण ही नक्षी तीच राहते. पॅरिसच्या पोलिसांतला बर्तियाँ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गुन्हेगारांचे फोटो समोरून आणि बाजूने असे दोन काढायला लागला. बाजूच्या फोटोत त्याचा मुख्य भर कानावर होता.

माझा घोटाळाही सांगते. एका मुलीच्या फोटोत गालावर खळी होती, मी मोठेपणीच्या चित्रातही काढली. प्रत्यक्षात बाई समोर आल्या तर खळी नाहीच. बाळसं उतरलं की काहींची खळीही जाते. आणि तिळाची गंमत तर वेगळीच. जो तीळ मी त्यांची ओळख म्हणून शोधत होते, तो विसाव्या वर्षानंतर आलेला!

शेवंती

कान! बाबांच्या कानाची पाळी गालाला चिकटलेली होती, काकांची सुटी लोंबती. हे पन्नाशीतल्या फोटोंत स्वच्छ दिसतं. आता भिंग घेऊन बसते.

शेवंती

बसले. आत्याच्या उजव्या हाताला जो मुलगा आहे त्याची पाळी सुटी आहे. डावीकडच्याची चिकटलेली वाटते. म्हणजे आत्या चुकली?

पाटीपेन्सिल

थांब. पाळीवर एवढा भार टाकू नकोस. चिकटलेली आणि सुटी असे दोनच कप्पे नसतात, मधले खूप असतात. वयाबरोबर पाळी लोंबते, पण पन्नाशीतही चिकटलेली राहिली असेल तर लहानपणी सुटी असणं अवघड. त्यामुळे बाबांच्या बाजूने पुरावा बरा आहे, काकांच्या बाजूने कच्चा. आतली नक्षी दिसते का?

शेवंती

नाही ना. कानाच्या जागी राखाडी ठिपका आहे. पाळीची कड तेवढी दिसते.

सुटाबुटातला

फोटो उलटा छापलाय का ते आधी बघा. पूर्वी निगेटिव्ह उलटी धरून प्रिंट निघाल्याची उदाहरणं आमच्याकडे दोन आहेत. आजोबांच्या कपाळावरचा व्रण एका फोटोत उजवीकडे, बाकी सगळ्यांत डावीकडे. आम्ही वर्षभर त्यांना त्यांचा भाऊ समजत होतो. मुलग्यांच्या शर्टाची बटणं बघा. पुरुषी शर्टात डावी पट्टी उजवीवर येते आणि खिसा डाव्या छातीवर असतो.

शेवंती

अंगावर काटा आला. दोघांचेही खिसे उजव्या छातीवर आहेत! बटणपट्टीही उलटी.

खारूताई

थोरल्या बहिणीचे उतरलेले कपडे असतील. मुलींच्या कपड्यांची पट्टी उलटीच असते. माझ्या भावाने माझे दोन सदरे फाटेपर्यंत वापरले.

सुटाबुटातला

एकाच कापडाचे, एकाच मापाचे दोन उतरलेले शर्ट? तेही खिशासकट?

खारूताई

अशक्य नाही म्हटलं. एवढंच.

राखाडी

विषय थोडा वेगळा, पण जुन्या फोटोंमुळे माझं निदान झालं म्हणून लिहितो. वय बेचाळीस. माझ्या चेहऱ्यात काही बदललंय असं घरच्या कुणालाच वाटत नव्हतं, कारण ते रोज बघत होते. बारा वर्षांनी भेटलेला मित्र मला ओळखलाच नाही. त्याआधी अंगठी कापून काढावी लागली होती आणि चपलेचा नंबर वाढला होता. पुढच्या दातांत फटी पडल्या म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, पंचविशीतला, तिशीतला, पस्तिशीतला फोटो आहे का?

तीन फोटो ओळीने ठेवल्यावर मलाच दिसलं. भुवयांवरचं हाड पुढे आलेलं, नाक रुंद, खालचा जबडा पुढे. मेंदूच्या खालच्या बाजूला पिट्युटरी नावाची छोटी ग्रंथी असते. तिच्यावर गाठ होती आणि वाढीचं संप्रेरक जास्त सुटत होतं. नाकातून शस्त्रक्रिया झाली. बोटांची सूज उतरली, जबड्याचं हाड मात्र जिथे गेलं तिथेच आहे.

मोजपट्टी

राखाडी, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. वीस-बावीसनंतर जबडा अशा रीतीने पुढे सरकायला नको. दात पडून चेहरा आखडणं वेगळं, आणि असलेल्या दातांमध्ये नव्याने फटी पडणं वेगळं. लहान मुलांत सात-आठच्या वयात वरच्या पुढच्या दातांत फट असते, तिला मात्र घाबरू नका. बाजूचे सुळे अकरा-बाराव्या वर्षी आले की बहुतेकदा आपोआप मिटते.

निवांत

मी काल पाहिला तो फोटो मोबाइल हातभर लांब धरून काढला होता. त्यात नाक भज्यासारखं दिसतं. हा पण आजार का?

पाटीपेन्सिल

नाही हो. कॅमेरा जवळ असला की पुढे असलेली वस्तू मोठी दिसते, आणि चेहऱ्यात सगळ्यात पुढे नाक. तोच फोटो दीड-दोन मीटरवरून काढून बघा. शेवंती, तुझ्याही कामाचं आहे हे. जुना फोटो फोटोग्राफरने लांबून काढलेला, पन्नाशीतला कुणीतरी लग्नात जवळून. नाकं जुळवत बसू नकोस.

शेवंती

सांगायला उशीर झाला. फोटो स्कॅन करून आडवा उलटवला आणि आत्याकडे गेले. काही न बोलता हातात दिला. मला वाटलं आधी मुलांकडे बघेल. तिने चष्मा वर केला, स्वतःकडेच बघत राहिली आणि म्हणाली, "हं, आता भांग बरोबर आलाय. त्या पेटीतल्या फोटोत माझा भांग उजवीकडे का, हे मला कधी कळलंच नव्हतं. आई नेहमी डावीकडे पाडायची."

उलटवल्यावर चिकटलेल्या पाळीचा मुलगा तिच्या उजव्या हाताला येतो. तिच्या आठवणीशी जुळलं, पाळीशी जुळलं, खिसेही जागेवर आले.

आईला दाखवला. ती अजूनही म्हणते, डोळे ह्यांचे नाहीत. तिने बाबांना पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते, हे मी तिला सांगितलेलं नाही.