तलवारीचे नाव जुने कसे वाटेल? आपले अनुभव लिहा

सराफ्याची_वाट (इंदूर): खंडेनवमीला घरातील तलवार पुसत असताना नातीने तिच्या अद्भुत गोष्टीतील तलवारीसाठी नाव मागितले आणि शाळकरी वयात मी लिहिलेल्या कथेतील ‘महाकालखड्ग’ आठवले. नाव भारदस्त होते, पण कालच रंगवलेल्या पाटीसारखे कोरे वाटत असे. आपण कोणी असे नाव घडवले आहे काय?

लष्करवासी (ग्वाल्हेर): घडवले आहे. जुने नाव झिजलेले असावे लागते, म्हणून मी प्रथम ‘रक्तपर्णी’, म्हणजे लाल पानाची, असे संस्कृत नाव घेतले आणि ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडून झिजवले. सप्ताचे सत्त होऊन सात झाले, कर्णाचे कण्ण होऊन कान झाला; त्याच वाटेने रक्ताचे ‘रात’ झाले, जे रातांब्यात आजही आहे, आणि पर्णाचे पान. तलवार झाली ‘रातपानी’. माझ्या कथेतील लोक मूळ विसरले आहेत. ते ‘रातपाणी’ समजतात आणि लोहाराने हिला रात्री पाणी दिले असे सांगतात. हे पटतेही, कारण तापलेल्या पोलादाचा रंग अंधारातच नीट ओळखता येतो. खरे नाव परजेखाली कोरलेले आहे, पण ते वाचणारा शेवटच्या प्रकरणात येतो.

मांडवीकर (बडोदे): आमच्याकडील तलवारीचे नाव ‘फिरंग’ आहे. एवढा खटाटोप कशाला?

लष्करवासी: फिरंग ही तलवारीची जात झाली, नाव नव्हे. तरी आपले उदाहरण उपयोगी आहे, कारण पाते परदेशातून आले हा पूर्वेतिहास त्या एका शब्दात राहिला आहे.

जुनी_वही (इंदूर): दोन स्वरांमधील ‘प’चा ‘व’ होतो; दीपाचा दिवा झालाच की. तेव्हा आपले नाव ‘रातवानी’ व्हायला हवे. ‘रातपानी’ चुकीचे आहे.

लष्करवासी: नियम बरोबर आहे, पण समासातील दुसरा शब्द लोकांना वेगळा ऐकू येत असेल तर त्याचा आरंभ टिकू शकतो. गिरनारच्या अशोकलेखात ताम्रपर्णीचे ‘तंबपंणी’ झालेले दिसते, तेथे ‘प’ शाबूत आहे.

जुनी_वही: परंतु आपल्या कथेतील लोक तर ‘पर्ण’ विसरले आहेत. मग ‘प’ कशाच्या आधाराने टिकला?

लष्करवासी: ‘पाणी’च्या आधाराने, असे मी मानले होते, पण तो गैरसमज झीज होण्याआधी रुजला की नंतर, हे मी कथेत ठरवलेलेच नाही. आपला आक्षेप त्या जागी बोचतो खरा.

सराफ्याची_वाट: नातीला दोन्ही नावे म्हणून दाखवली. इंदुरात वाढलेली ती मुळातच ‘पानी’ म्हणते, त्यामुळे तिला त्यांत फरकच ऐकू आला नाही आणि कथेतील गैरसमज आमच्या ओसरीवर आयताच घडला. मूळ अर्थ सांगितल्यावर तिने वहीत पानाच्या आकाराचे पाते काढले आणि विचारले, “आजोबा, पण ते पान लाल कशाने झाले?”