प्रति: प्रूफचे पैसे वेगळे का?

"पानामागे दर ठरलाय, मग प्रूफचे वेगळे का?"

वेगळेच घ्या. इथे इंदुरात कृतिदेवमधला जुना मजकूर हिंदीसाठीच्या कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणला, की अर्धा र बिघडू शकतो. राजवाड्याजवळच्या एका फरसाणवाल्याच्या दरपत्रकात 'कचोऱ्या'च्या 'कचोर्या' झाल्या होत्या. सरसकट 'र्या'चं 'ऱ्या' करावं, तर 'कार्यालय'सुद्धा 'काऱ्यालय' होतं! म्हणून शब्द एकेक करून बघावा लागतो, आणि त्याला वेळ जातो. इनस्क्रिप्टवर ही दुरुस्ती सोपी आहे: Shift+J, मग d, मग / दाबा, 'ऱ्या'तला 'ऱ्य' नीट उमटतो.

दर मात्र शब्दांवर ठरवा. फॉन्ट बारीक केला की त्याच पानात कितीतरी जास्त मजकूर बसतो, आणि वाचायचा तो सगळा आपल्यालाच.