इंटरव्ह्यूची वेळ बदलून मागणारे उमेदवार आणि त्यांचे "सोयीचे स्लॉट"

खराडीची_टीए: गुरुवारी संध्याकाळी ७ चा सेकंड राऊंड, इन्व्हाइट सोमवारीच अ‍ॅक्सेप्ट केलेली. बुधवारी दुपारी उमेदवार साहेबांचा मेल, "क्लायंटने रिलीज एक दिवस अलीकडे आणलं, गुरुवारी ६ ते १० मी कॉलवर अडकलेला आहे, त्याऐवजी शुक्रवारी ११ ते १, शनिवारी कधीही किंवा सोमवारी दुपारी चालेल का." म्हणजे नोकरी यांना हवी आणि कॅलेंडर आम्ही हलवायचं. ज्याला खरंच जॉब बदलायचा असतो तो दोन तास काढतोच. मी तर म्हणते अशांची प्रोफाइल होल्डवर टाकावी. चुकतंय का माझं?

पॅनेलवर_बसणारा: हो, चुकतंय. मी सहसा इथे नुसता वाचून जातो पण आज राहवलं नाही. रिलीज चालू असताना "मला दोन तास द्या" असं कोण म्हणू शकतं? आणि म्हणायचं तर कारण काय सांगायचं, दुसरीकडे इंटरव्ह्यू आहे? तो माणूस कॅमेरा बंद ठेवून एका कानात वॉररूम आणि दुसऱ्या कानात आमचे प्रश्न असा बसला असता. असे उमेदवार मी पाहिलेत, प्रश्न दोनदा विचारावा लागतो, उत्तर अर्धं येतं आणि आपण फीडबॅकमध्ये "कम्युनिकेशन वीक" लिहून मोकळे होतो. त्यापेक्षा आदल्या दिवशी सरळ सांगितलं हे शंभरपट बरं. तारीख बदलल्याचं कळलं त्याच दिवशी मेल केला, कारण एका ओळीत दिलं, क्लायंटचं नाव टाकलं नाही, पर्याय दिले. याहून वेगळं काय करायला हवं होतं?

आता त्याचं खरं कुठे चुकलं ते सांगतो, जे तुमच्या लक्षातच आलेलं नाही. संध्याकाळी ७ चा स्लॉट आहे म्हणजे समोर बसणारा पुण्यात नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल तर आत्ता ऑक्टोबरअखेर तिथे सकाळचे साडेनऊ. मग याने दिलेला शुक्रवार सकाळ ११ म्हणजे तिथे रात्रीचा दीड. सोमवार दुपार म्हणजे तिथे मध्यरात्र नाहीतर पहाट. शनिवार तर सोडाच. तीन पर्याय दिले आणि वापरता येण्याजोगा एकही नाही. पर्याय देताना मूळ वेळ बघायची आणि त्याच पट्ट्यात द्यायचे, शुक्रवार साडेसहा ते नऊ, सोमवार साडेसहा ते नऊ, मंगळवार तेच. आणि एकच ठोकळ वेळ न देता पट्टा द्यायचा, कारण पॅनेलला तिघांची कॅलेंडरं जुळवायची असतात.

पण मॅडम, पॅनेल कुठे बसतं हे तुमच्या इन्व्हाइटमध्ये होतं का?

खराडीची_टीए: हायरिंग मॅनेजर न्यू जर्सीत आहे. इन्व्हाइटमध्ये नव्हतं. सेकंड राऊंड संध्याकाळी सात म्हटल्यावर कळायला पाहिजे ना, आठ वर्षांचा एक्सपिरियन्स लिहिलाय त्याने.

पॅनेलवर_बसणारा: म्हणजे तुम्ही सांगायचं नाही आणि त्याने ओळखायचं. बरं.

बेंचवरचा_बाजीराव: अरे कशाला एवढा खल. वेळ बदलून मागितली की सिस्टीममध्ये रेड फ्लॅग लागतो आणि आपोआप रिजेक्ट होतं. माझ्या मित्राचं झालंय. कधीही मागू नका, सिक लीव्ह टाका आणि द्या.

पॅनेलवर_बसणारा: आपोआप वगैरे काही होत नाही. स्टेटसला "रिशेड्यूल्ड" दिसतं, बास. दुसऱ्यांदा मागितलं की मात्र आम्हीच आपापसात कुजबुजतो, तेवढं तुझं खरं. आणि मित्राने नुसतं डिक्लाइन दाबलं असेल बघ. डिक्लाइन दाबलं की भेट त्याच्या कॅलेंडरमधून जाते, तिकडे एखाद्या इनबॉक्समध्ये एक ओळ पडते आणि मॅनेजर बिचारा वेळेवर येऊन बसतो. मग लागतो नो-शो. बोलणी ज्या मेलवर चाललीत त्याच मेलला उत्तर द्यायचं, आणि भेट चोवीस तासांच्या आत असेल तर वर फोनही करायचा.

चिंचवडकर: यात कन्सल्टन्सीवाले विसरताय. मध्ये एजन्सी असेल तर मेल तिथेच कुजतो. माझा मेल एजन्सीच्या मुलीने वाचला, "नोटेड सर" लिहिलं आणि पुढे पाठवलाच नाही. कंपनीच्या रेकॉर्डला मी गैरहजर. सहा महिने परत अप्लाय करता येणार नाही म्हणाले. तेव्हापासून "नोटेड" शब्द दिसला की डोकं फिरतं. त्यावर "नवीन इन्व्हाइट कधी येईल" असा उलटा प्रश्न टाकायचा. नवीन इन्व्हाइट आली नाही तोवर जुनीच वेळ चालू आहे असं धरायचं.

अभ्यासू_अकोला: माझा प्रश्न सेम आहे. एका बँकेची मुलाखत आणि दुसऱ्या भरतीची कागदपत्रं पडताळणी एकाच दिवशी आलीय. मी पण तीन स्लॉट देऊ का?

चिंचवडकर: भाऊ, हे प्रायव्हेटचं चाललंय. भरतीत स्लॉट-बिट आपण द्यायचे नसतात. कॉल लेटरच्या मागच्या सूचना वाच, तारीख बदलून मिळणार नाही असं बहुतेक तिथेच छापलेलं असतं. नसेल छापलं तर दोन्हीकडची पत्रं जोडून त्यांनी दिलेल्या पत्त्यावर आजच विनंती कर. उत्तर आलं नाही तर कुठे जायचं ते आधीच ठरवून ठेव.

स्वयंपाकघरातून_लॉगिन: मूळ मुद्दा बाजूला राहू दे, मला हे "त्याच पट्ट्यात द्यायचे" फार खटकलं. दरवेळी संध्याकाळचा पट्टा आपणच का द्यायचा? हिंजवडीतून सुटून घरी यायला मला आठ वाजतात. मुलीचा अभ्यास, सासऱ्यांचं जेवण, औषधं, कुकर. त्यात हेडफोन लावून सिस्टीम डिझाइन सांगायचं, मागे शिट्ट्या. सकाळचा स्लॉट मागितला की "पॅनेल अव्हेलेबल नाही." एकदा तर मला रिक्रूटरने विचारलं, "मग पुढे यूएस शिफ्ट कशी करणार?" जेडीमध्ये यूएस शिफ्टचा उल्लेखसुद्धा नव्हता!

पॅनेलवर_बसणारा: तक्रार मान्य, पण गणित बघा. त्यांचा साडेनऊ म्हणजे आपला सात. आपला सकाळचा दहा म्हणजे त्यांचा रात्रीचा साडेबारा. दोघांचा दिवस एकमेकांवर पडतच नाही.

स्वयंपाकघरातून_लॉगिन: त्यांनी सकाळी आठला बसावं की. आपला साडेपाच होतो. ऑफिसातल्या मीटिंग रूममधून सुद्धा देता येईल. पण नाही, त्यांची कॉफी व्हायची असते!

न्यूजर्सीचा_नागपुरी: ताई, कॉफीचं सोडा. आमच्याकडे आठ म्हणजे पोरांच्या स्कूलबसची वेळ आहे. आणि आता तेही गणित बदलणार, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं. आज फरक साडेनऊ तासांचा आहे, रविवारनंतर साडेदहा. तुमचा सोमवारचा सात म्हणजे आमचा साडेआठ, साडेनऊ नाही. यावरून जो गोंधळ होतो त्याला तोड नाही. माझ्या बहिणीचा इंटरव्ह्यू असाच सोमवारवर गेला. रिक्रूटरने इन्व्हाइट पाठवलीच नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं "साडेनऊ ईएसटी, म्हणजे तुमचे सात." शुक्रवारी ते बरोबर होतं, सोमवारी नव्हतं. ती सातला बसली, वीस मिनिटं वाट बघून उठली. मॅनेजर आपल्या साडेनऊला आला, म्हणजे भारतात आठ. त्याने लिहिलं कॅन्डिडेट आलीच नाही. दोघंही वेळेवर होते!

बेंचवरचा_बाजीराव: उन्हाळ्यात पण सगळे ईएसटीच लिहितात, चालतंय की.

न्यूजर्सीचा_नागपुरी: चालतं कारण समोरचा समजून घेतो. कडक अर्थ लावला तर उन्हाळ्यात ईएसटी लिहिणं म्हणजे एक तास चुकवणं. ईटी लिहा किंवा शहराचं नाव लिहा, आणि शेजारी भारतीय वेळ लिहा. बरं लंडनवाले आमच्या आधीच, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागे नेतात. त्या मधल्या दिवसांत तिघं तीन देशांत असतील तर देवच वाली. कॅलेंडरची खरी इन्व्हाइट आली की प्रत्येकाला आपापली वेळ बरोबर दिसते. गोंधळ होतो तो हाताने टाइप केलेल्या वेळेचा.

स्वयंपाकघरातून_लॉगिन: घड्याळ त्यांचं हलणार आणि उशीर आमचा होणार. हिवाळाभर त्यांचा तोच साडेनऊ आमचा आठ होतो. म्हणजे चार महिने जेवणाच्या ताटावरून उठायचं. आणि इथे चर्चा काय, उमेदवाराने कोणते स्लॉट दिले तर पॅनेलला बरं पडेल!

पॅनेलवर_बसणारा: तुम्ही माझ्यावर का चिडताय, मी घड्याळ हलवलेलं नाही. मीही आठला जेवणावरून उठूनच लोकांचे इंटरव्ह्यू घेतो.

स्वयंपाकघरातून_लॉगिन: तुमचं ताट कोण झाकून ठेवतं ते सांगा आधी.

चिंचवडकर: 😄 झालं. मॅडम, तुमच्या उमेदवाराचं काय झालं मग? होल्डवर टाकला?

खराडीची_टीए: नाही टाकला. तुम्ही सगळे माझ्यावरच घसरलात म्हणून सांगते, माझी बाजूही ऐका. महिन्याला क्लोजरचं टार्गेट असतं. मॅनेजर मला विचारते "व्हाय मूव्ह", शिव्या मी खाते. वेळ मागणाऱ्या दहातले कितीतरी हातात दुसरी ऑफर घेऊन टाइमपास करत असतात आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद. कोणाचं रिलीज खरं आणि कोणाचं खोटं हे मला मेलवरून कसं कळणार?

पॅनेलवर_बसणारा: नाहीच कळणार. पुरावा मागू नका, तो क्लायंटचं मेल फॉरवर्ड करायला लागला तर उद्या तुमचेही करेल. दुसऱ्यांदा मागतो का तेवढं बघा. ऑफर घेऊन फिरणारे सहसा "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणतात, तारीख-वेळ लिहून देत नाहीत.

खराडीची_टीए: हे पटलं असं नाही, पण ठीक. त्याला फोन केला, पॅनेल जर्सीत आहे हे सांगितलं (खूश?), तर म्हणाला आधी कळवलं असतं तर सकाळचे स्लॉट दिलेच नसते. शुक्रवारी संध्याकाळी मॅनेजरला जमेना. मंगळवार सात ठरलाय. नवीन इन्व्हाइट पाठवली, इंडिया टाइम मध्ये, जुनी कॅन्सल केली. मॅनेजर तिच्या साडेआठला बसायला तयार झाली, कुरकुरत.

स्वयंपाकघरातून_लॉगिन: बघा! साडेआठला बसता येतं म्हणजे. मग आठला का नाही, आपले साडेसहा?

खराडीची_टीए: आठला तिच्या मुलाची स्कूलबस येते म्हणे.

स्वयंपाकघरातून_लॉगिन: आमच्याकडे मुलं चालत जातात काय?

न्यूजर्सीचा_नागपुरी: ताई, बस इथे चुकली तर शाळेत स्वतः सोडायला जावं लागतं.

स्वयंपाकघरातून_लॉगिन: आणि इथे चुकली तर हेलिकॉप्टर येतं.